बॉक्स आधी वजनकाट्यावर ठेवा, मग मेसेज लिहा

पत्र

सप्रेम नमस्कार. कसबा बावड्यात माझा कांदा-लसूण चटणीचा घरगुती धंदा आहे. पाव किलोची 24 पाकिटं बसतील असे पुठ्ठ्याचे बॉक्स मी शिरोलीच्या एका काकांकडून महिन्याला 500 घेते. साइज 12×9×8 इंच, तीन प्लाय. कोटेशनवर 150/120/120 असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ मला कळत नाही. आतापर्यंत 12.50 रुपये रेट होता, या महिन्यात त्यांनी एकदम 14.50 केला. म्हणतात, कागद महागला. दुसऱ्या एकाने 11 रुपये सांगितलेत, त्याच्या कागदावर 120/100/100 लिहिलंय. मी काकांना पाठवायला हा मेसेज लिहिलाय:

"नमस्कार काका, तुम्ही अचानक दोन रुपये वाढवले हे बरोबर नाही. चार वर्षं झाली आम्ही तुमच्याकडूनच घेतोय. दुसरीकडे 11 ला मिळतंय. काहीतरी कमी करा, नाहीतर आम्हाला बघावं लागेल. लवकर कळवा."

आमचे हे म्हणतात फार कडक झालाय, भाचा म्हणतो अजून दम द्यायला पाहिजे. काकांशी संबंध बिघडवायचे नाहीत. ते चांगले आहेत, माझं पेमेंट दोन-दोन महिने लांबतं तरी कधी बोलत नाहीत. पण दोन रुपये परवडणारे नाहीत. मेसेज सुधारून द्याल का?

— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर

ताई, मेसेज देतो, पण थोडं थांबा. तुमच्या घरात या भांडणाचा निकाल लावणारी वस्तू आहे आणि ती ना यजमानांच्या लक्षात आली, ना भाच्याच्या. चटणी तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा. काकांच्या जुन्या रेटचा एक रिकामा बॉक्स घ्या, घडी घातलेलाच असू दे, आणि काट्यावर ठेवा. माझ्या अंदाजाने 224 ग्रॅमच्या आसपास भरेल.

हा आकडा कोटेशनवरच्या ज्या ओळीचा अर्थ तुम्हाला लागत नव्हता, तिच्यातूनच काढलाय. 150/120/120 म्हणजे तीन कागदांचं एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. वरचा 150, मधला वळ्यांचा 120, आतला 120. मधला कागद वळ्या पडल्यामुळे सरळ कागदापेक्षा जास्त लागतो, ढोबळमानाने 1.4 पट. म्हणजे 120 चे 168 धरायचे. तिन्ही मिळून एका चौरस मीटरला 438 ग्रॅम. आता तुमच्या बॉक्सला कागद किती लागतो ते बघू. लांबी अधिक रुंदी, त्याची दुप्पट, म्हणजे 42 इंच, त्यात जोडाच्या पट्टीचे 2 इंच, एकूण 44. दुसऱ्या बाजूला रुंदी अधिक उंची 17, त्यात कापणीचा 1 इंच, एकूण 18. 44 गुणिले 18 म्हणजे 792 चौरस इंच, सुमारे 0.51 चौरस मीटर. त्याला 438 ने गुणलं की 224 ग्रॅम. डिंक आणि कापणी यामुळे चार-पाच ग्रॅम इकडं-तिकडं होतील, तेवढं सोडून द्या. एक मात्र सांभाळा. पावसाळ्यात पुठ्ठा ओल ओढतो आणि जड भरतो, म्हणून दोन बॉक्सची तुलना करायची असेल तर दोन्ही एक रात्र एकाच खोलीत ठेवून सकाळी तोला.

बॉक्सचा धंदा आतून किलोवर चालतो. आपल्याला नगाचा रेट सांगतात, पण कारखान्यात हिशोब कागदाच्या किलोचा. तेव्हा तुम्हीही तीन रेट किलोवर आणा. काकांचा जुना 12.50 म्हणजे किलोला 56 रुपये. नवा 14.50 म्हणजे 65. आणि तो 11 वाला? त्याचं 120/100/100 त्याच हिशोबात घातलं तर बॉक्स 184 ग्रॅमचा येतो, म्हणजे किलोला 60 रुपये. स्वस्त म्हणून ज्याचं नाव तुम्ही काकांना सांगणार होता, तो काकांच्या जुन्या रेटपेक्षा महाग आहे. फक्त 40 ग्रॅम कागद कमी देतोय.

हे काकांना पाठ असणार. "दुसरीकडे 11 ला मिळतंय" वाचल्यावर त्यांनी पहिला प्रश्न "किती वजनाचा?" असाच विचारला असता, आणि तुमच्याकडे उत्तर नव्हतं. तिथेच तुमचा मेसेज संपला असता. किंवा त्यांनी सरळ "घ्या की मग तिथनं" म्हटलं असतं, आणि ते म्हणण्यात राग नव्हे तर हिशोब असता.

मी स्वतः यात पोळलोय म्हणून जरा जास्त बोलतो. उद्यमनगरात एका छोट्या कारखान्याची खरेदी मी काही वर्षं बघायचो. एका बॉक्सवाल्याकडून घासाघीस करून नगामागे 60 पैसे कमी करून घेतले आणि दिवसभर खुशीत होतो. पुढच्या गाडीतला माल तोच दिसला, तीच छपाई, तोच रंग. जूनमध्ये पुण्याच्या ट्रान्सपोर्टला पाच-पाच बॉक्सची थप्पी लागली आणि सगळ्यात खालचे बॉक्स पोट सुटल्यासारखे फुगले. परत आलेल्या मालातला एक बॉक्स तोलला तेव्हा कळलं की 60 पैसे कुठून आले होते. त्या माणसाला मी दोष देत नाही. मी रेट कमी मागितला होता, त्याने रेट कमी दिला. कागद तोच ठेवा, असं मी म्हटलंच नव्हतं.

तुमच्या बॉक्समध्ये तर सहा किलो चटणी जाते आणि तिला तेल सुटतं. तळाचा बॉक्स बसला की पाकीट दबणार, शिवण सुटणार, लाल डाग बाहेर येणार. तिथे 50 पैशांची बचत एका परत आलेल्या बॉक्समध्ये साफ होते. म्हणून मेसेजमध्ये रेटच्या शेजारी वजन लिहायचंच. तुमच्या मेसेजमधला खरा ठामपणा त्या एका ओळीत असेल, दम देण्यात नाही.

आता दोन रुपये कुठून आले ते शोधू. फक्त कागदामुळे 2 रुपये वाढायचे असतील तर 224 ग्रॅमच्या बॉक्सला, कापणीत वाया जाणारे पाचेक टक्के धरून, कागद किलोमागे साडेआठ रुपयांनी महागलेला पाहिजे. महागलाय का? ते मला इथून सांगता येणार नाही आणि तुम्हीही अंदाज बांधू नका. काकांनाच विचारा, आणि आधी विचारा, रेटचा विषय काढायच्या आधी. फोन करा. "काका, कागद किलोमागं किती चढला ओ?" एवढंच. यात तक्रार नाही, विचारपूस आहे, आणि कारखानदार कागदाच्या रेटवर बोलायला लागला की थांबत नाही, हा माझा अनुभव. समजा ते म्हणाले, चार रुपये. मग तुमच्या बॉक्सवर त्याचे जवळपास 95 पैसे झाले. पाच म्हणाले तर 1.18. उरलेल्या रुपयाचं कारण वेगळं आहे.

फोनवर ते कदाचित टॅक्सचं रडगाणं लावतील. ते ऐकून घ्या, कारण ते खरं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये पुठ्ठ्याच्या बॉक्सवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, आणि क्राफ्ट कागदावरचा 12 वरून 18 वर गेला. म्हणजे काका कागद घेताना 18 टक्के भरतात आणि तुमच्याकडून 5 टक्केच घेतात. मधला फरक सरकारकडून परत मिळवता येतो, पण त्याला अर्ज, कागदपत्रं आणि वेळ. तोवर त्यांचे पैसे अडकलेले. छोट्या कारखान्याला कागद महाग झाल्याचं दुःख असतंच, पण हातात रोकड नसल्याचं त्याहून मोठं.

आणि इथे, ताई, तुमच्या पत्रातलं ते वाक्य येतं जे तुम्ही काकांच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून लिहिलंत. दोन-दोन महिने पेमेंट लांबतं आणि ते बोलत नाहीत. बोलत नाहीत, पण रेट लावताना धरतात. महिन्याला 500 बॉक्स, 12.50 ने सव्वासहा हजार. दोन महिने म्हणजे साडेबारा हजार रुपये कायम तुमच्याकडे. त्यांनी हे पैसे महिना दीड टक्क्याने उचललेत असं धरलं, तर एका बॉक्सवर दोन महिन्यांचं व्याज 38-40 पैसे होतं. कायद्याच्या बाजूनेही तुमची जागा कच्ची आहे. काकांचा कारखाना उद्यम नोंदणी केलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी ठरलेलं असलं तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, काहीच ठरलेलं नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागायचा त्यांना हक्क आहे. ते मागणार नाहीत. पण "हे बरोबर नाही" हे वाक्य ज्याची दोन बिलं थकलेली आहेत त्याने पाठवू नये.

वाईट वाटून घेऊ नका. हीच तुमच्या हातातली सगळ्यात मोठी चीज आहे. तुम्ही सवलत मागताय, आणि देण्यासारखं तुमच्याकडे काहीतरी आहे, ज्याला तुमचा एक रुपयाही जास्त लागत नाही. सात दिवसांत पेमेंट. काकांच्या हिशोबात ते बॉक्समागे 35 पैशांचं आहे, आणि 18 टक्क्यांच्या भानगडीत रोकड अडकलेल्या माणसाला त्याहून जास्त मोलाचं.

तेव्हा आकडा असा बसतो. जुना रेट 12.50, कागदाचे 95 पैसे मान्य, झाले 13.45. लवकर पेमेंटचे 35 पैसे वजा, 13.10. तुम्ही 13 मागा. आणि मेसेज पाठवायच्या आधी एका चिठ्ठीवर तुमचा वरचा आकडा लिहून ठेवा: 13.40. मजुरी, वीज, डिंक यातही थोडं वाढलेलं असतं, त्याला जागा पाहिजे. 13.40 च्या पुढे जायचं नाही. ही चिठ्ठी यजमानांना दाखवा, भाच्याला दाखवू नका.

तुमच्या मेसेजमध्ये आकडाच नव्हता, हे लक्षात आलं का? "काहीतरी कमी करा" असं म्हटलं की समोरचा काहीतरीच कमी करतो. काकांनी 14.25 केले असते, वर "तुमच्यासाठी म्हणून" असं लिहिलं असतं, आणि तुम्हाला पुन्हा मागायला तोंड उरलं नसतं. "अचानक" आणि "बरोबर नाही" हे दोन शब्दही काढा, त्यांनी समोरचा आधी स्वतःचा बचाव करायला लागतो आणि हिशोब बाजूला राहतो. "नाहीतर बघावं लागेल" याला ना तारीख, ना अर्थ. त्याच्या जागी ऑर्डरचा दिवस लिहा. दिवस लिहिला की काकांना आपोआप कळतं की शुक्रवारी ऑर्डर कुठेतरी जाणार आहे. चार वर्षांचं मात्र ठेवायचं, पण उपकार केल्यासारखं नाही. ते पुढच्या ऑर्डरच्या रूपाने ठेवायचं.

आता क्रम. जुन्या दोन बिलांपैकी निदान एक आज भरून टाका. पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट पाठवा, सोबत एक ओळ, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी कागदाच्या रेटचा फोन. त्यानंतर सकाळी दहा-अकराच्या दरम्यान हा मेसेज:

"नमस्कार काका. काल फोनवर बोललो त्यावरून हिशोब मांडलाय, जरा बघा. आपला 12×9×8 चा बॉक्स 224 ग्रॅम भरतो. कागद किलोला 4 रुपये चढला म्हणालात, त्याचे बॉक्समागं 95 पैसे होतात, ते मला मान्य आहेत. माझं पेमेंट आजवर उशिरा यायचं, ते तुम्ही सांभाळून घेतलंत. या ऑर्डरपासून माल उतरला की 7 दिवसांत पैसे खात्यावर येतील. हे धरून मला 13 रुपये जमतील, टॅक्स वेगळा, माल बावड्यात पोच. कागद आहे तोच, 150/120/120, वजन 220 ग्रॅमच्या खाली नको. जमत असेल तर तीन महिन्यांचे 1500 बॉक्स याच रेटनं आत्ताच नक्की करते, दर महिन्याला 500 उचलते. शुक्रवारी ऑर्डर द्यायची आहे, गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगा. शिरोलीकडं आले की चहाला येतेच."

किलोचा आकडा अर्थातच ते फोनवर सांगतील तो घाला, आणि वजन तुमच्या काट्याने दाखवलेलं. काटा 215 दाखवत असेल तर 224 लिहू नका. तेव्हा खालची मर्यादा 210 ठेवा. आणि मग जुन्या मालातच कागद हलका येत होता का, हा वेगळा विषय निघेल, तो या मेसेजमध्ये काढायचा नाही. एका वेळी एकच.

"टॅक्स वेगळा, माल पोच" हे चार शब्द विसरू नका. रेट ठरल्यानंतर टेम्पोभाडं कोणाचं यावरून जेवढे संबंध बिघडतात तेवढे रेटवरून बिघडत नाहीत. 11 वाल्याशी कधी बोलायची वेळ आलीच तर त्यालाही आधी हेच विचारा, आणि बिल देणार का तेही.

1500 चं वचन का, तर काकांना मशीन एकदा लावली की तीनदा लावावी लागत नाही, वाटलं तर ते एका दमात सगळे काढून ठेवतील. पण माल तुम्ही महिन्याचा महिन्यालाच उचला. बावड्यात पावसाळ्यात 1500 बॉक्स भिंतीला लावून ठेवले तर ऑगस्टपर्यंत त्यांची पापडी होईल. तीन महिन्यांपेक्षा जास्त बांधूनही घेऊ नका. कागद चढतो तसा उतरतो, आणि उतरला की तुम्हालाही बोलायला जागा हवी.

काकांचं उत्तर बहुतेक तीनपैकी एका वळणाचं येईल. पहिलं: "ताई, 13.75 च्या खाली होत नाही बघा." इथे लगेच हो म्हणू नका आणि गप्पही बसू नका. लिहा: "काका, तुमचंही बरोबर असेल. मी 13.40 पर्यंत येते, बाकी सगळं ठरल्याप्रमाणं, 7 दिवसांत पैसे. यापुढं मला खरंच जमत नाही." चिठ्ठीवरचा आकडा हाच. एकदा सांगितला की तो हलवायचा नाही. 13.50 वर अडलं तरी नाही, कारण आज हललात तर पुढच्या वेळी तुमच्या "यापुढं जमत नाही" ला किंमत उरणार नाही. तेव्हा फार तर असं करा की 13.40 कायम ठेवून माल आणायची जबाबदारी तुमच्याकडे घ्या. बावड्याहून शिरोली काही लांब नाही, घरची गाडी जात असेल तर जाता-येता 500 घड्या घातलेले बॉक्स सहज येतात.

दुसरं उत्तर जास्त गोड असेल: "13 ला देतो की, कागद जरा ॲडजस्ट करू." मला जूनमध्ये यानेच गाठलं होतं, फक्त तेव्हा कोणी बोलून दाखवलं नव्हतं. उत्तर: "कागद नको बदलायला काका, चटणीचा माल आहे, खालचा बॉक्स बसतो. वजन तेच ठेवून किती जमेल ते सांगा." यातही नाही म्हटलंय, पण कारण मालाचं आहे, काकांच्या नियतीचं नाही. इथे अजून एक बारकावा आहे. वजन तेच ठेवूनही कागद कच्चा घालता येतो. त्याची ताकद बीएफ या आकड्यात मोजतात, 16, 18, 20 असा, आणि वजन सारखं असलं तरी कमी बीएफचा कागद लवकर फाटतो. तुमच्या कोटेशनवर तो लिहिलेला नसेल तर या ऑर्डरला लिहून घ्या. घरी तपासायला सोपं आहे. जुना आणि नवा बॉक्स शेजारी ठेवा, कडेला अंगठ्याने दाबा. नव्याच्या वळ्या चटकन बसल्या आणि परत उठल्या नाहीत, तर कागद बदललाय.

तिसरं म्हणजे काहीच उत्तर नाही. दोन निळ्या टिका आणि शांतता. गुरुवारी संध्याकाळी आठवण करून देऊ नका, शुक्रवारी सकाळी एकच ओळ: "काका, आज ऑर्डर लावायची आहे, तुमचं नक्की झालं का?" दुपारपर्यंत फोनही नाही आला तर या महिन्याचे 500 बॉक्स दुसऱ्याकडून घ्या, पण 150/120/120 चेच मागवा आणि किलोचा रेट काढून बघा. काकांना ते कळवायचं, लपवायचं नाही: "या महिन्याचे दुसरीकडून घेतले काका, पुढच्या महिन्यात परत बोलू." 11 वाल्याला तुम्ही हाच कागद सांगितलात आणि त्याने किलोचा 60 चाच रेट धरला, तर त्याचा बॉक्स तुम्हाला 13.40 च्या आसपास पडेल. म्हणजे काकांनी 13.40 म्हटले तर तो त्यांच्यापेक्षा स्वस्त उरत नाही.

एक शेवटचं, वेळेचं. हे पत्र तुम्ही चटणीच्या हंगामात लिहिलंय असं दिसतंय. मार्च ते मे बॉक्सवाल्यांकडे आंब्याच्या पेट्यांचीही गर्दी असते, मशीन रिकामी नसते, आणि रिकामी नसलेल्या मशीनवाल्याला रेट कमी करायची घाई नसते. म्हणून आत्ता 13.40 ला जमलं तरी चांगलंच समजा. 13 चा आग्रह जुलैमध्ये धरा, तेव्हा ते स्वतः फोन करून ऑर्डर विचारत असतील. तोपर्यंत प्रत्येक गाडीतला एक बॉक्स उतरवल्या दिवशी तोलून त्याचं वजन बिलाच्या पाठीमागे तारखेसह लिहीत जा. पुढच्या फोनला तेच कागद हातात घेऊन बसा.